सुनावणी नाकारली की अधिकारी पक्षपाती: कोणता मुद्दा धरावा?

समजा, नागपुरात महाल भागातल्या रेशन दुकानदाराचा परवाना रद्द झाला. तपासणी अहवाल त्याला दाखवलाच नव्हता, म्हणजे नीट सुनावणी नाकारली. अपिलात असो की उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात, हे सिद्ध करणं सोपं, फाईलच बोलते. पण अहवाल मिळाला असता तर वेगळं काय उत्तर दिलं असतं, हे सांगावं लागतं. आणि जिंकलं तरी प्रकरण बहुधा त्याच टेबलावर फेरसुनावणीला परततं!

तक्रारदार हा परवाना रद्द करणाऱ्या अधिकाऱ्याचा साळा निघाला, तर गोष्ट वेगळी. झुकतं माप दिल्याचा पुरावा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६९च्या क्रैपक निकालानुसार पक्षपाताची वाजवी शक्यता पुरते. फेरनिर्णयही दुसऱ्या अधिकाऱ्याकडे मागता येतो. मात्र नातं ठाऊक असून सुनावणीत गप्प बसलात, तर हरकत सोडली असं धरतात. अशा वेळी मी अहवालाचाच मुद्दा धरेन.