विभागवार टक्केवारीचा फॉर्म्युला आणि `$` चिन्ह: आठ महिने वापरल्यावरचा अनुभव

मसाले आणि पापड विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी विक्रीचा मासिक अहवाल तयार करते. विभागांची नावं, प्रत्येकाची महिन्याची विक्री, आणि एकूण विक्रीत त्या विभागाचा वाटा किती टक्के, एवढंच त्या एक्सेल शीटमध्ये असतं. गेले आठ महिने ही टक्केवारी मी `=B2/$B$8` सारख्या फॉर्म्युल्याने काढते आहे. त्याआधी `$` न लावता काढत होते. त्या दोन चिन्हांनी काय फरक पडला आणि ती लावूनही चुका कुठून शिरल्या, ते लिहिते.

ज्या महिन्यापासून हे सुरू झालं त्याचे आकडे अजून माझ्याकडे आहेत. `A` रकान्यात विभागांची नावं, `B` मध्ये विक्री. दुसऱ्या ओळीपासून क्रमाने मुंबई-ठाणे १८,४२,०००, पुणे १५,१६,०००, नाशिक-खान्देश ९,६८,०००, कोल्हापूर-सांगली ८,७४,०००, मराठवाडा ६,१५,००० आणि विदर्भ ७,८५,०००. आठव्या ओळीत बेरीज, ६६,००,०००. बेरजेखाली `B9` ते `B13` मध्ये आधीच्या पाच महिन्यांच्या एकूण विक्रीचे आकडे मी संदर्भासाठी ठेवले होते: ६२,५०,०००, ५८,४०,०००, ७०,००,०००, ६४,२०,०००, ६१,३०,०००.

`C2` मध्ये मी `=B2/B8` लिहिलं, २७.९ टक्के आले. सेलच्या कोपऱ्याला धरून `C7` पर्यंत खाली ओढलं. पुणे २४.३, नाशिक-खान्देश १६.६, कोल्हापूर-सांगली १२.५, मराठवाडा ९.६, विदर्भ १२.८. एकही आकडा खटकत नव्हता. अहवाल गेला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी प्रिंटवरच्या टक्क्यांची कॅल्क्युलेटरवर बेरीज केली आणि मला बोलावून विचारलं, "अहो, हे १०३.७ कसे काय होतात?"

फॉर्म्युला खाली ओढला की त्यातला प्रत्येक सेल-पत्ता ओढलेल्या ओळींइतका खाली सरकतो. `B2` चा `B3` व्हायलाच हवा होता, पण त्याच्यासोबत `B8` चाही `B9` झाला. म्हणजे पुण्याच्या विक्रीला मी गेल्या महिन्याच्या बेरजेने भागत होते आणि नाशिकच्या विक्रीला त्याच्या आधीच्या महिन्याच्या. बेरजेखाली सेल रिकामे असते तर तिसऱ्या ओळीपासून `#DIV/0!` आलं असतं, कारण भागाकारात रिकामा सेल शून्य धरला जातो, आणि चूक तिथल्या तिथे सापडली असती. माझ्या शीटमध्ये नेमके तिथे लाखांतलेच आकडे होते, म्हणून उत्तरंही खऱ्यासारखी दिसली. पुण्याचा खरा वाटा २३.० होता, नाशिक-खान्देशचा १४.७. जवळजवळ दोन टक्क्यांचा फरक, आणि त्यावरून नाशिकला पुढच्या महिन्याचा माल वाढवायचं बोलणं सुरूही झालं होतं.

मग `C2` मध्ये हे लिहायला लागले:

```
=B2/$B$8
```

`$` लावलेला पत्ता ओढताना सरकत नाही, आणि ते हाताने टाइप करावं लागत नाही. फॉर्म्युला लिहिताना `B8` वर कर्सर असतानाच `F4` दाबायचं. एकदा दाबलं की `$B$8`, पुन्हा दाबलं की `B$8`, तिसऱ्यांदा `$B8`, चौथ्यांदा पुन्हा साधं `B8`. माझ्या लॅपटॉपवर नुसत्या `F4` ने दुसरंच काहीतरी होतं, तिथे `Fn` सोबत दाबावं लागतं. गूगल शीट्समध्येही `F4` चालतं. मोबाईलवर मात्र मी `$` स्वतः टाइप करते. ओढून झालं की मी शेवटच्या ओळीच्या सेलमध्ये जाऊन `F2` दाबते. फॉर्म्युल्यात वापरलेल्या सेलभोवती रंगीत चौकटी येतात. एक चौकट विदर्भावर आणि दुसरी बेरजेवर दिसली, म्हणजे पत्ता जागेवर आहे. याला दोन सेकंद लागतात, आणि साहेबांनी पकडलेली चूक इथेच दिसली असती.

पहिले दोन महिने सुरळीत गेले. तिसऱ्या महिन्यात साहेबांनी तीन महिने शेजारी शेजारी मागितले. `B`, `C`, `D` मध्ये तीन महिन्यांची विक्री आणि `F`, `G`, `H` मध्ये त्यांची टक्केवारी. मी `F2` मधला `=B2/$B$8` आधी उजवीकडे आणि मग खाली ओढला. दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्याची विक्रीसुद्धा पहिल्या महिन्याच्या बेरजेने भागली गेली, कारण `B` च्या आधीचं `$` रकाना धरून ठेवतं आणि `8` च्या आधीचं ओळ. मला ओळ धरून ठेवायची होती आणि रकाना सरकू द्यायचा होता. त्यासाठी `=B2/B$8` लागतं. एकाच रकान्यात खाली ओढायचं असेल तर दोन्हींचं उत्तर एकच येतं, म्हणून आता मी सरसकट `B$8` च लिहिते. उद्या कोणी उजवीकडे रकाने वाढवले तरी ते चालतं.

पाचव्या महिन्यातली चूक मला सगळ्यात जास्त लागली, कारण `$` बरोबर होतं आणि तपासणीही केली होती. निदान मला तसं वाटत होतं. मराठवाड्याचा आकडा तिथल्या प्रतिनिधीच्या मेसेजमधून कॉपी केलेला होता आणि शीटमध्ये तो अंक म्हणून न बसता मजकूर म्हणून बसला. वरचेच आकडे घेऊन दाखवते. `SUM` रेंजमधला मजकूर सोडून देतं, त्यामुळे बेरीज ६६,००,००० ऐवजी ५९,८५,००० आली. भागाकार मात्र मजकुरातला आकडा गुपचूप अंकात बदलून घेतो. त्यामुळे मराठवाड्यासमोर एरर न येता १०.३ टक्के दिसले आणि बाकी सगळ्यांचे वाटेही थोडे थोडे फुगले. मुंबई-ठाणे २७.९ वरून ३०.८ वर गेलं.

आता तपासणी. सेलच्या कोपऱ्यावर डबल क्लिक केलं की फॉर्म्युला शेजारच्या रकान्यात जिथपर्यंत डेटा आहे तिथपर्यंत आपोआप भरला जातो. जुन्या महिन्यांचे आकडे मी तोवर वेगळ्या शीटमध्ये हलवले होते, त्यामुळे तो बेरजेच्या ओळीपर्यंत भरला गेला आणि `C8` मध्ये १००.० टक्के दिसले. ते पाहून मी निश्चिंत झाले. पण `C8` मध्ये होतं `=B8/B$8`, म्हणजे बेरजेला बेरजेनेच भागलेलं. बेरीज चुकीची असली तरी ते उत्तर नेहमी शंभरच येणार. तिथे हे हवं होतं:

```
=SUM(C2:C7)
```

ते लिहिल्याबरोबर ११०.३ टक्के दिसले आणि दोन मिनिटांत मराठवाड्याचा सेल सापडला. त्याच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण होता आणि बाकीचे आकडे उजवीकडे चिकटलेले असताना तो एकटा डावीकडे होता. तेव्हापासून डबल क्लिक केल्यावर `C8` मधला फॉर्म्युला मी आधी पुसते आणि `SUM` लिहिते.

पण हीदेखील तपासणी एका ठिकाणी आंधळी आहे, ते सातव्या महिन्यात गोव्याची विक्री सुरू झाली तेव्हा कळलं. विदर्भाच्या खाली, बेरजेच्या बरोबर वर एक ओळ घातली आणि २,३४,००० पेस्ट केले. बेरीज `B9` वर गेली आणि सगळ्या फॉर्म्युल्यांतलं `B$8` आपोआप `B$9` झालं. हे बरोबरच आहे. `$` मुळे पत्ता फक्त कॉपी करताना आणि ओढताना अडतो. ओळ घातली किंवा काढली की तो त्या सेलच्या मागे जातो. माझ्या एका सहकाऱ्याला वाटत होतं की `$` लावलेला सेल कोणी बदलू शकत नाही. तसं नाही, त्यासाठी शीट प्रोटेक्ट करावी लागते.

अडचण बेरजेत होती. `SUM(B2:B7)` तसाच राहिला होता, गोवा त्यात आलंच नव्हतं. टक्केवारीची बेरीजही `C2:C7` एवढीच राहिली. त्यामुळे, वरचेच आकडे धरले तर, सहा विभागांचे मिळून नेमके १००.० टक्के आणि गोव्यासमोर वेगळे ३.५ टक्के. तपासणीचा सेल म्हणत होता सगळं ठीक आहे. कधी कधी बेरजेच्या वरच्या ओळीत आकडा टाइप केल्यावर एक्सेल रेंज स्वतः वाढवतं, पण त्यावर विसंबून चालत नाही. खरी बेरीज ६८,३४,००० होती, गोव्याचा वाटा ३.४ आणि मुंबई-ठाण्याचा २७.०.

यावरचा उपाय आमच्या जुन्या अकाउंटंट काकांनी सांगितला. बेरजेच्या वर एक ओळ कायम रिकामी ठेवायची, तिची उंची कमी करायची, आणि `SUM` त्या रिकाम्या ओळीपर्यंत न्यायचा. नवीन विभागाची ओळ या रिकाम्या ओळीच्या वर घालायची. ती रेंजच्या आत पडते, म्हणून दोन्ही बेरजा हमखास वाढतात. कोकण वेगळा विभाग केला तेव्हा यात काहीच हलवावं लागलं नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याही `$` ने सुटत नाही. ज्या महिन्यापासून सुरुवात केली त्यात मराठवाड्याचा वाटा ९.३ होता आणि त्याआधीच्या महिन्यात ९.५. बैठकीत तिथल्या प्रतिनिधीला विक्री घसरल्याबद्दल बोलणी बसली. तो गप्प बसून ऐकत होता. त्याची विक्री ५,९५,००० वरून ६,१५,००० झाली होती, म्हणजे वाढलीच होती. एकूण विक्री ६२,५०,००० वरून ६६,००,००० वर जास्त वेगाने गेली, म्हणून त्याचा वाटा कमी दिसला. तो कागद मीच तयार केला होता आणि त्यावर फक्त टक्के होते. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक वाट्याच्या शेजारी विक्रीची रक्कम आणि गेल्या महिन्याची रक्कम असे दोन रकाने मी छापते. साहेबांनी विचारलं की एवढे आकडे कशाला. मी मराठवाड्याची ओळ दाखवली आणि त्यांनी तिथूनच त्या प्रतिनिधीला फोन लावला.