माती अहवालातील एक रकाना आणि एकरभर कांदा: हंगामानंतरचा अनुभव

निफाड तालुक्यातील आमच्या एक एकर उन्हाळ कांद्यासाठी खासगी प्रयोगशाळेचा माती अहवाल लागवडीपासून काढणीपर्यंत वापरला. आता माल चाळीत आहे. तपासणीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एकाच रकान्याबद्दल, आणि प्रयोगशाळेशी वादही त्यावरूनच झाला.

त्या रकान्यात उपलब्ध स्फुरद हेक्टरी ३८ किलो एवढेच छापले होते. हा आकडा P चा, म्हणजे निव्वळ मूलद्रव्याचा, की गोणीवर असतो तसा P₂O₅ या ऑक्साइड रूपाचा, याचा उल्लेख नव्हता. ओल्सेन पद्धतीत २५ किलोच्या वरचा P जास्त मानतात. पण हेच ३८ किलो P₂O₅ असेल, तर २.२९ ने भागल्यावर P साडेसोळाच्या आसपास येतो आणि जमीन मध्यम ठरते. फोनवर 'दोन्ही एकच' असे सांगण्यात आले. लेखी विचारल्यावर तो P असल्याचे कळले. पैसे मोजून घेतलेल्या कागदावर हे छापायला शाईच किती लागली असती?

पुढचे काम सोपे होते. रब्बी कांद्याची शिफारस हेक्टरी नत्र, स्फुरद व पालाश १००:५०:५० किलो आहे, म्हणजे एकरी ४०:२०:२०. वर्ग कमी असेल तर मात्रा पावपट वाढवावी आणि जास्त असेल तर पावपट घटवावी, हा ढोबळ नियम मी लावला. नत्र १९० म्हणजे कमी, पालाश ४२० म्हणजे जास्त; म्हणून एकरी मात्रा ५०:१५:१५ ठरली. त्यातून सिंगल सुपर फॉस्फेटच्या दोन गोण्या, म्युरेट ऑफ पोटॅशची अर्धी गोणी आणि युरिया सुमारे १०९ किलो, म्हणजे ४५ किलोच्या दोन गोण्या व वर १९ किलो, एवढीच यादी निघाली. निम्मा युरिया लागवडीला दिला आणि उरलेला तिसाव्या व पंचेचाळिसाव्या दिवशी विभागून दिला, कारण त्यानंतरच्या नत्राने मान जाड राहते आणि कांदा चाळीत टिकत नाही.

दुकानदार १०:२६:२६ च्या दोन गोण्या सुचवत होता. त्यांतून स्फुरद व पालाश प्रत्येकी २६ किलो पडले असते, म्हणून मी मिश्रखतच निरुपयोगी ठरवले होते. मात्र हिशेब पुन्हा मांडला तेव्हा एकाच गोणीतून दोन्ही १३ किलो मिळतात आणि गरज जवळजवळ भागते, हे मान्य करावे लागले. तरीही अहवालात गंधक कमी असल्यामुळे सुपर फॉस्फेटच ठेवले. त्याच्या दोन गोण्यांतून सुमारे ११ किलो गंधक आपोआप मिळाले.

जस्त ०.४२ पीपीएम होते आणि ०.६ च्या खाली कमतरता मानतात, म्हणून एकरी १० किलो झिंक सल्फेट कुजलेल्या शेणखतात मिसळून दिले, सुपर फॉस्फेटमध्ये मिसळले नाही.

उत्पन्नातला फरक खताचाच, असे मी म्हणणार नाही, कारण शेजारी तुलनेचा वाफा ठेवला नव्हता. खर्चातला फरक मात्र बिलात दिसतो. माती तपासणी करून घ्यावी, परंतु नमुना देतानाच स्फुरद P मध्ये देणार की P₂O₅ मध्ये, हे पावतीवर लिहून घ्यावे.