पहिला स्टॉप-मोशन शॉट: १२ की २४ फ्रेम, तार की बॉल-सॉकेट, खिडकी की दिवा?

समजा, घरच्या टेबलावर, बाहुली थोडी थोडी हलवून दर वेळी एक फोटो काढत, दहा सेकंदांचा शॉट करायचा आहे. २० सेंटिमीटर उंचीची बाहुली डावीकडून आठ पावलं चालत येते, स्टुलापाशी थांबते आणि मान वळवून कॅमेऱ्याकडे बघते. एवढ्या शॉटसाठी तीन निवडी कराव्या लागतात. आधी फ्रेम रेट ठरवा, कारण बाहुलीला किती वेळा हात लावायचा आणि दिवा किती तास स्थिर राहायला हवा, हे त्यावरून ठरतं.

१२ की २४

सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे या शॉटचे २४० फोटो; १२ म्हणजे १२०. एका फोटोला एक मिनिट धरलं, तर चार तास विरुद्ध दोन तास. पण खरा फरक वेळेचा नाही, हाताच्या अचूकपणाचा आहे.

साधी चाल घेतली तर एक पाऊल अर्ध्या सेकंदात पडतं. पाऊल ६ सेंटिमीटरचं असेल, तर १२च्या हिशोबात ते सहा फोटोंत विभागलं जातं आणि दर फोटोला बाहुलीचं धड १ सेंटिमीटर पुढे सरकतं. २४ला तेच पाऊल बारा फोटोंत, म्हणजे दर फोटोला फक्त ५ मिलिमीटर. नवख्या हाताची चूक दोन्हीकडे सारखीच असते, साधारण २ मिलिमीटर धरा. १२ला ती हालचालीच्या एक पंचमांश होते, २४ला दोन पंचमांश. म्हणून नवशिक्यानं २४ला काढलेली चाल बऱ्याचदा गुळगुळीत होण्याऐवजी थरथरते.

१२ कमी पडतं ते दोन ठिकाणी. हात झटकणं, चेंडू फेकणं अशा वेगवान हालचालीत दोन फोटोंमधलं अंतर इतकं वाढतं की डोळ्याला हालचाल न दिसता उडी दिसते. दुसरं म्हणजे कॅमेरा सरकवणं. पूर्ण पार्श्वभूमीच ठेचकाळत जाते. यातून मार्ग असा: प्रोजेक्ट २४वर लावा आणि प्रत्येक फोटो दोन फ्रेम धरून ठेवा. चाल १२ची राहील, आणि एखाद्या झटक्यापुरते दर फ्रेमला नवे फोटो घेण्याची मुभाही उरेल. ॲपमध्ये १२च लावून बसलात, तर ही मुभा जाते.

स्थिर कॅमेऱ्यावरच्या या शॉटला १२ पुरेसे आहेत.

तारेचा सांगाडा की बॉल-सॉकेट

बाहुलीच्या आतल्या तारेच्या सांगाड्यासाठी मऊ ॲल्युमिनियमची १.५ मिलिमीटरची तार घ्या. दुहेरी करून टोकं ड्रिलमध्ये पकडा आणि हळू वेगानं पीळ द्या. पीळ सैल असला तर तारा एकमेकींवर घसरतात, फार घट्ट झाला तर आधीच कडक होऊन लवकर तुटतात. हाडांच्या जागी एम-सील लावून कडक करा आणि सांध्याच्या जागी तार मोकळी सोडा. इथे बहुतेकजण सांधा अगदी छोटा ठेवतात. मोकळी तार ३ मिलिमीटरच असली की सगळा वाक एकाच बिंदूवर येतो, धातू तिथे कडक होत जातो आणि कोपर तुटतं. साधारण १ सेंटिमीटर मोकळी ठेवली, तर वाक पसरतो. बांधकामाची लोखंडी तार वापरू नका. ती हाताला कडक जाते आणि सोडली की मागे उसळते.

थोडी उसळी ॲल्युमिनियमलाही असते. हवी त्यापेक्षा किंचित पुढे वाकवायचं आणि सोडल्यावर ती मागे येऊन नेमकी जागेवर थांबेल असं बघायचं. हा अंदाज सरावानंच येतो. बॉल-सॉकेटमध्ये, म्हणजे खोबणीत फिरणाऱ्या धातूच्या गोळीच्या सांध्यांत, ही अडचण नाही. सांधा जिथे ठेवाल तिथेच राहतो आणि प्रत्येक सांध्याचा स्क्रू वेगळा आवळता येतो: घोट्यावर सगळं वजन, म्हणून तो घट्ट, मनगट सैल. पण तो महाग असतो, आणि स्क्रू नीट जुळवले नाहीत तर मनगट हलवताना खांदाही हलतो. पुढे महिनोन् महिने एकच पात्र चालवायचं असेल, तेव्हा तो पैसा वसूल होतो.

पहिल्या शॉटसाठी तार घ्या, पण हात खांद्यापाशी पितळेच्या छोट्या चौकोनी नळीत बसवा. हात तुटला तर उपसून नवा घालता येतो, बाहुली फाडावी लागत नाही. तळपायात एम३ नट चिकटवा आणि सेटच्या जमिनीच्या प्लायला पाडलेल्या भोकातून खालून स्क्रू लावा. पाय पक्का नसेल, तर कुठलाही सांगाडा चालताना डुलतो.

खिडकी, दिवा आणि फ्लिकर

खिडकीचा उजेड फुकट आणि सुंदर असतो, पण दोन तासांत सूर्य बराच सरकतो. फोटो सलग चालवल्यावर सावली जमिनीवरून धावत जाते आणि ढग आला तिथे चित्र दचकतं. फोटोगणिक उजेड असा कमी-जास्त होणं म्हणजेच फ्लिकर. त्यामुळे इथे तुलना फारशी उरत नाही: पडदे पूर्ण बंद आणि दोन एलईडी दिवे. जुने पिवळे बल्ब टाळा. फ्रीज सुरू होताना व्होल्टेज उतरलं की त्यांचा प्रकाशही उतरतो आणि उष्णतेनं प्लॅस्टिसिन मऊ पडतं. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी व्होल्टेजचे असे चढउतार सोसतो.

स्वस्त एलईडी मात्र स्वतःच लुकलुकतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, शटरला कळतं. १/६० सेकंदात पावणेदोनच्या आसपास ठोके मावतात, म्हणजे एका फोटोत उजेड जास्त, दुसऱ्यात कमी. १/५०ला बरोबर दोन मावतात. त्याहून चांगलं म्हणजे १/४ सेकंद. पंचवीस ठोक्यांत एखादा अर्धा ठोका इकडे-तिकडे झाला तरी दिसत नाही. बाहुली स्थिर असते, त्यामुळे लांब शटरचा तोटा नाही. ट्रायपॉड पक्का हवा आणि शटर रिमोटनं दाबायला हवं. ISO 100, f/8, १/४ सेकंद ही सुरुवात ठेवा आणि उजेड दिव्यांच्या अंतरानं जुळवा. व्हाइट बॅलन्स, फोकस, एक्सपोजर, सगळं मॅन्युअल.

डीएसएलआरमध्ये आणखी एक चोर लपलेला असतो. लेन्स प्रत्येक फोटोला ॲपर्चरची पाती बंद करते आणि पुन्हा उघडते, पण पाती दरवेळी केसभर वेगळ्या जागी थांबतात. उपाय म्हणजे हातानं ॲपर्चर फिरवायची जुनी लेन्स ॲडॅप्टरवर लावणं; एकदा f/8ला ठेवली की पाती हलतच नाहीत. बहुतेक फोनना ॲपर्चरची पाती नसतातच, म्हणून हा त्रास नाही. पण फोन एचडीआर आणि रंग परस्पर बदलत राहतो. Stop Motion Studio सारख्या ॲपमध्ये हे लॉक करता येतं. साध्या कॅमेरा ॲपवर विसंबू नका.

शूटआधी काहीही न हलवता २४ फोटो काढा आणि १२नं चालवा. पूर्ण चित्र अनियमित चमकत असेल, तर ॲपर्चर किंवा दिवा. रंग पिवळट-निळसर होत असेल, तर व्हाइट बॅलन्स. उजेड एकाच दिशेनं हळूहळू सरकत असेल, तर खिडकीची फट किंवा नुकताच लावलेला, अजून न तापलेला दिवा. एकच कोपरा चमकत असेल, तर तुमचा शर्ट: पांढऱ्या कापडावरून परतलेला उजेड सेटवर पडतो. गडद कपडे घाला आणि दर फोटोला त्याच जागी मागे सरका.

एडिटिंगमधलं डीफ्लिकर पहिल्या प्रकारावर बऱ्यापैकी चालतं, कारण तिथे पूर्ण फ्रेम एकसारखी उजळते किंवा मंदावते. सरकणारी सावली आणि शर्टाचा उजेड त्यानं जात नाही. ते फोटो पुन्हाच काढावे लागतात.