प्रोपोफॉल चालू असताना आरटी फीड: ठरलेला कमी दर बरा की रोजची वजाबाकी?

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला पहिल्या काही दिवसांत पूर्ण कॅलरी द्यायच्या नाहीत, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. आजाराच्या ताणात यकृत स्वतःच साखर तयार करत असते आणि बाहेरून फीड दिले म्हणून ते थांबत नाही. त्यामुळे नळीतून जाणारी प्रत्येक कॅलरी या घरच्या साखरेत भर घालते. युरोपातल्या ईस्पेनच्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच सुरुवातीला गरजेच्या ७० टक्क्यांच्या वर जाऊ नका असे सांगतात. प्रश्न उरतो तो प्रोपोफॉलचा. त्याच्यासोबत जाणाऱ्या तेलाच्या कॅलरी हिशेबात कशा धरायच्या? नाशिकच्या आयसीयूंमध्ये यासाठी दोन रीती वापरता येतील. कोणती निवडावी या विचारात असलेल्या निवासी डॉक्टरांसाठी आणि डाएटिशियनसाठी हे लिहितो आहे.

पहिली रीत ठरलेल्या कमी दराची. पहिले तीन दिवस फीड ताशी २० मि.ली. लावायचे आणि प्रोपोफॉलकडे बघायचे नाही, कारण त्याच्यासाठी जागा आधीच सोडलेली असते. दुसरी रीत वजाबाकीची. रोज सकाळी कालच्या चोवीस तासांत पंपाने किती प्रोपोफॉल दिले ते पाहायचे, त्याच्या कॅलरी लक्ष्यातून वजा करायच्या आणि उरलेल्यातून फीडचा दर काढायचा.

एक उदाहरण घेऊ. दिंडोरीकडचा, दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया झालेला शेतकरी, वजन ६० किलो. किलोला २५ प्रमाणे गरज १५०० किलोकॅलरी, तिचे ७० टक्के म्हणजे १०५०. दुसऱ्या दिवशी १ टक्का प्रोपोफॉल ताशी १५ मि.ली. चालू आहे, म्हणजे किलोला ताशी अडीच मि.ग्रॅ. दिवसाचे ३६० मि.ली. होतात. प्रत्येक मिलिलिटरमध्ये १.१ किलोकॅलरी धरली की ३९६ किलोकॅलरी आणि ३६ ग्रॅम चरबी. औषधे पातळ करण्यासाठी ५ टक्के डेक्स्ट्रोजची अर्धा लिटर बाटली गेली, तिच्या आणखी ८५. म्हणजे अन्नाचा थेंबही न देता ४८१ किलोकॅलरी शरीरात गेल्या. वजाबाकी केली तर फीडसाठी ५६९ उरतात. मिलिलिटरला एक किलोकॅलरी असलेल्या फॉर्म्युल्याचा दर ताशी २४ मि.ली. येतो. ठरलेल्या दराच्या रीतीत फीडच्या ४८०, त्यात ४८१ मिळवले की ९६१. दोन्ही हिशेब जवळजवळ एकाच ठिकाणी येतात, आणि दोन्ही बरोबर आहेत.

त्यामुळे पहिल्या तीन दिवसांपुरते पाहिले तर ठरलेल्या दराच्या बाजूने बोलावेसे वाटते. रात्री तीनला पेशंट अस्वस्थ झाला आणि प्रोपोफॉल वाढवावे लागले, तरी सिस्टरला फीडच्या पंपाला हात लावावा लागत नाही. रविवारी डाएटिशियन नसली तरी काही अडत नाही. नॉरॲड्रेनालिनवर असलेल्या पेशंटच्या बाबतीत तर ही रीत आणखी सुरक्षित वाटते. फ्रान्समधल्या २०२३च्या न्यूट्रिरिया-३ अभ्यासात शॉकमधल्या व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना पहिला आठवडा किलोला फक्त ६ किलोकॅलरी दिल्या, तरी २५ किलोकॅलरी मिळालेल्यांच्या तुलनेत मृत्यू वाढले नाहीत. उलट कमी दिलेले पेशंट आयसीयूतून बाहेर जाण्यायोग्य लवकर झाले आणि उलट्या, जुलाब, आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडणे हेही त्यांच्यात कमी होते.

तरी माझा कल वजाबाकीकडे आहे, आणि त्याचे कारण चौथा दिवस.

ठरलेल्या दराच्या रीतीत चार्टवर प्रोपोफॉलच्या कॅलरीचा रकाना कोणी भरतच नाही, कारण तशी गरज नसते. चौथ्या दिवशी राउंडला शॉक ओसरलेला दिसतो, पोट मऊ असते, आणि ‘फीड वाढवा, फुल करा’ अशी ऑर्डर पडते. फुल म्हणजे बहुतेकांच्या मनात ताशी ६० मि.ली. आपल्या पेशंटच्या फुफ्फुसांना अजून सिडेशन हवे आहे, प्रोपोफॉल ताशी १२ मि.ली. चालू आहे. फीडचे १४४०, प्रोपोफॉलचे ३१७, एकूण १७५७. म्हणजे किलोला २९, गरजेच्या ११७ टक्के. त्याच दिवशी ८० टक्क्यांचे लक्ष्य ठेवून वजाबाकी केली असती, तर १२०० मधून ३१७ जाऊन ८८३ उरले असते आणि दर ताशी ३७ आला असता. ६० आणि ३७ मधला हा फरक तीन दिवस कमी दर पाळल्यामुळे आलेल्या निर्धास्तपणातून येतो. जागा आधीच सोडली आहे हे सगळ्यांच्या लक्षात असते. ती जागा आज भरून टाकली हे कोणी लिहीत नाही. इथेच ही रीत मला खटकते.

जादा फीड चालले आहे याची कुणकुण हळूहळू लागते. इन्सुलिनचा दर रोज थोडा वाढवावा लागतो आणि तरी साखर १८०च्या खाली राहत नाही. एक्सरे तोच, पण मिनिट व्हेंटिलेशन वाढत जाते आणि वीनिंगच्या चाचणीत पेशंट दमतो. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चरबी जाळताना कार्बन डायऑक्साइड तुलनेने कमी तयार होतो, त्यामुळे हा दोष एकट्या प्रोपोफॉलवर टाकू नये. त्याच्या कॅलरी न मोजता वरून दिलेले कार्बोहायड्रेट इथे जड जाते. प्रोपोफॉलचा स्वतःचा ठसा ट्रायग्लिसराइडवर दिसतो. ते दोन-तीन दिवसांनी पाहावे. ४००च्या वर गेले तर नुसते फीड कमी करून भागत नाही, प्रोपोफॉल कमी करावे किंवा दुसऱ्या सिडेशनकडे वळावे लागते.

वजाबाकीही त्रासाविना होत नाही, हे मान्य करायला हवे. तिचा नेहमीचा घोळ म्हणजे आकडा कुठून घ्यायचा. सकाळी आठला पंपावर जो दर दिसतो त्याला चोवीसने गुणले तर हिशेब हमखास चुकतो, कारण रात्री तो दर दोन-तीनदा बदललेला असतो. पंपाच्या स्क्रीनवरची एकूण मि.ली. घ्यावी, तर सीटीला नेताना पंप बदललेला असतो किंवा कोणी आकडा शून्य केलेला असतो. सर्वांत भरवशाचा आकडा तासाच्या चार्टवरून येतो. आठ ते आठ या चोवीस नोंदींची बेरीज करायची आणि बाजूला मारलेल्या ५० मि.ली.च्या सिरिंजा मोजून ती ताडून पाहायची. सात सिरिंजा गेल्या असतील आणि चार्टवर २४० मि.ली. दिसत असतील, तर कुठली तरी नोंद राहिली आहे हे लगेच कळते.

दुसरा त्रास उशिराचा. आजची वजाबाकी कालच्या आकड्यावर चालते, त्यामुळे सिडेशन बंद केले त्या दिवशी फीड थोडे कमी पडते. एका दिवसाच्या तीनशे किलोकॅलरींनी काही बिघडत नाही. उलटी बाजू मात्र सांभाळावी. प्रोपोफॉल ताशी ५ मि.ली.ने वाढले आणि तसेच राहिले तर दिवसाला १३२ किलोकॅलरींची भर पडते. म्हणून बदल सहा तास टिकला तर दर नव्याने काढावा, आणि एकेका बोलससाठी पंपाला हात लावू नये, असे मला वाटते. वजाबाकीचे उत्तर कितीही लहान आले तरी फीड ताशी १० मि.ली.च्या खाली नेऊ नये. आतडे चालू राहण्यापुरते तेवढे असू द्यावे.

तिसरा त्रास प्रोटीनचा. फीड कापले की कॅलरीसोबत प्रोटीनही कापले जाते. लिटरला ४० ग्रॅम प्रोटीन असलेला फॉर्म्युला चौथ्या दिवशी ८८३ मि.ली. दिला तर ३५ ग्रॅम मिळतात, किलोला ०.६. पहिल्या दोन-तीन दिवसांत याची काळजी करण्याचे कारण नाही. लवकर भरपूर प्रोटीन देऊन फायदा होतो असे २०२३च्या इफर्ट प्रोटीन अभ्यासात दिसले नाही, आणि किडनी बिघडलेल्यांत ते नुकसानीचे ठरू शकते. चौथ्या दिवसापासून, किडनी ठीक असेल तर, ३० ग्रॅम प्रोटीनची पावडर वेगळी द्यावी आणि तिच्या १२० किलोकॅलरीही फीडमधून वजा कराव्यात. फॉर्म्युला ७६३ मि.ली. म्हणजे ताशी ३२वर येतो आणि प्रोटीन ६१ ग्रॅमपर्यंत जाते. पावडर फीडच्या पिशवीत मिसळू नये, गुठळ्या होऊन राइल्स ट्यूब तुंबते. कोमट पाण्यात नीट घोळवून सिरिंजने द्यावी आणि मागून पाणी सोडावे.

दोन्ही रीतींना सारखीच फसवणारी गोष्ट म्हणजे वजन. तिसऱ्या दिवशी बेडच्या काट्यावर पेशंट ६६ किलोचा दिसतो, पण त्यातले सहा किलो सलाइनचे असतात. ते धरले तर गरज दीडशे किलोकॅलरींनी फुगते. भरतीच्या दिवशीचे किंवा घरच्यांनी सांगितलेले आधीचे वजन घ्यावे.

आणि घरचे लोक. ‘सिस्टर, यांच्या पोटात दोन दिवस काहीच नाही हो, मी मुगाचं पाणी करून आणलंय,’ असे पेशंटची बायको डबा पुढे करत म्हणते, तेव्हा वजाबाकीचा कागद उपयोगी पडतो. ‘ताई, ती पांढरी सिरिंज दिसते ना, त्या औषधात तेल आहे, त्यातून त्यांना कालच चारशे कॅलरी गेल्यात. शिवाय नळीतून फीड चालूच आहे,’ असे सिस्टर आकड्यानिशी सांगू शकते. ठरलेल्या दराच्या रीतीत तिच्याकडे सांगायला फक्त ‘डॉक्टरांनी एवढंच सांगितलंय’ उरते. किचन फीड चालणाऱ्या ठिकाणी वजाबाकी करायची, तर आधी त्या फीडचे वजन-मापाने ठरलेले एकच प्रमाण हवे. रोज पातळ-घट्ट बदलणाऱ्या फीडमधून काही वजा करण्यात अर्थ नाही.

डाएटिशियन अर्धवेळ असेल आणि रात्री एका सिस्टरकडे चार पेशंट असतील, तर पहिले तीन दिवस ठरलेल्या दराने काढायला माझी हरकत नाही. फक्त पहिल्याच दिवशी चार्टवर प्रोपोफॉलच्या मि.ली.चा रकाना आखावा, तो भरत राहावा, आणि फीड वाढवण्याची ऑर्डर त्या रकान्यातला कालचा आकडा शेजारी लिहिल्याशिवाय कोणी घेऊ नये.