सेगमेंट ८ मधली गाठ: फक्त गाठ काढायची की अख्खा सेगमेंट?

मी लिव्हर सर्जरीच्या टीममध्ये काम करतो आणि ऑपरेशन ठरलं की घरच्यांचा एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर गाठ तर ३ सेंटीमीटरची आहे, मग एवढा मोठा भाग का काढताय?" प्रश्न एकदम बरोबर आहे. कारण दोन्ही पद्धती खरोखर वापरात आहेत, एक म्हणजे गाठ आणि तिच्या भोवती साधारण १ सेंटीमीटर चांगलं लिव्हर एवढंच काढायचं, त्याला आम्ही वेज म्हणतो, आणि दुसरी म्हणजे ती गाठ ज्या सेगमेंटमध्ये आहे तो पूर्ण सेगमेंट मुळापासून काढायचा.

आधी सेगमेंट म्हणजे काय ते बघू, कारण बाहेरून लिव्हरवर अशा रेषा कुठेच दिसत नाहीत. क्लोद क्विनो या फ्रेंच सर्जननी १९५७ मध्ये लिव्हरचे ८ भाग मांडले ते आतल्या नळ्यांवरून. धरणाच्या कॅनॉलमधून चारी निघते आणि ती ठराविक शेतालाच पाणी देते ना, तसंच. लिव्हरला रक्त आणणाऱ्या पोर्टल व्हेनची एक फांदी, तिच्यासोबत आर्टरीची एक फांदी, आणि त्याच आवरणात उलट्या दिशेने पित्त बाहेर आणणारी नळी, असा तिघांचा जुडगा एका सेगमेंटमध्ये शिरतो आणि तिथेच संपतो. वापरलेलं रक्त बाहेर नेणाऱ्या हिपॅटिक व्हेन मात्र बांधावरून वाहणाऱ्या ओढ्यासारख्या दोन शेतांच्या मधून जातात आणि दोन्हीकडचं पाणी घेतात. म्हणून एक जुडगा बांधला तर एकच सेगमेंट बंद पडतो, शेजाऱ्याला काही होत नाही. (सेगमेंट १ जरा वेगळा, त्याला दोन्ही बाजूंनी रक्त येतं आणि तो थेट मोठ्या व्हेनमध्ये रिकामा होतो, पण तो विषय आज नको.)

आता एक केस घेऊ, आकडे उदाहरणापुरते आहेत पण असे पेशंट आम्ही नेहमी बघतो. ५८ वर्षांचे काका, जुना हिपॅटायटिस बी, सुरुवातीचा सिरॉसिस म्हणजे लिव्हर कडक पडायला लागलेलं, बिलिरुबिन नॉर्मल, पोटात पाणी नाही, आणि सेगमेंट ८ मध्ये खोलवर ३ सेंटीमीटरचा लिव्हरचा स्वतःचा कॅन्सर म्हणजे एचसीसी. सेगमेंट ८ उजवीकडे वरती, डायफ्रामच्या खाली, मधल्या आणि उजव्या हिपॅटिक व्हेनच्या मध्ये असतो, हात पोचायला अवघड जागा. सीटीवर पूर्ण लिव्हर १२५० मिली भरलं. वेज केलं तर साधारण ९० मिली जाईल, सेगमेंट ८ काढला तर २५० मिली, आणि पूर्ण उजवी बाजू काढली तर ८१० मिली. उजवी बाजू काढल्यावर मागे ४४० मिली उरतं म्हणजे ३५ टक्के. निरोगी लिव्हरला हे पुरतं पण सिरॉसिसमध्ये आम्ही किमान ४० टक्के धरतो, म्हणजे तो पर्याय इथेच बाद. सेगमेंट काढून ८० टक्के उरतं आणि वेज करून ९३, दोन्ही बसतात, तेव्हा खरी निवड या दोघांतच आहे.

एचसीसीमध्ये सेगमेंटच्या बाजूने सगळ्यात मोठं कारण म्हणजे हा कॅन्सर पोर्टल व्हेनच्या बारीक फांद्यांमध्ये घुसतो आणि रक्ताच्या प्रवाहाबरोबर त्याच चारीच्या पुढच्या टोकाला जाऊन रुजतो. गाठीपासून २ सेंटीमीटरवर एखादा बारीक दाणा असेल जो सीटीत दिसलाच नाही, तर १ सेंटीमीटरचं मार्जिन ठेवून केलेलं वेज त्याला मागे सोडून येतं, पूर्ण सेगमेंट काढला तर त्याच शेतातला दाणा सोबत जातो.

ऑपरेशनमध्ये ती हद्द शोधायची कशी, तर आधी सेगमेंट ८ चा जुडगा शोधून त्याला क्लॅम्प लावतात, मग वरचा पृष्ठभाग तेवढाच काळवंडतो. हल्ली हाताच्या शिरेतून आयसीजी नावाचा डाय देतात आणि खास कॅमेऱ्यात बघतात, सगळं लिव्हर हिरवं चमकतं आणि सेगमेंट ८ तेवढा काळा राहतो. त्या काळ्या-हिरव्याच्या सीमेवरून आत जायचं. सेगमेंट ८ ला बऱ्याचदा एक नाही, दोन-तीन फांद्या असतात, एक सुटली की अर्धाच भाग काळा होतो आणि तिथे सर्जननी थांबून अल्ट्रासाऊंडने दुसरी शोधायची असते, घाई करून कापायचं नसतं.

वेजची जमेची बाजू साधी आहे, लिव्हर जास्त वाचतं आणि सहसा वेळही कमी लागतो. गाठ पृष्ठभागाजवळ असेल तर वेज खूप छान होतं. पण खोल गाठीला वेज म्हणजे बांध न बघता शेताच्या मधूनच नांगर घालणं. वाटेत शेजारच्या तुकड्याकडे जाणारा जुडगा कापला गेला तर तो तुकडा पोटात राहतो पण त्याला रक्त नाही, नंतरच्या सीटीवर काठाला एक काळी पाचर दिसते, कधी ती नुसती आकसते तर कधी तिथे पू होतो. आणि पित्तनळी कापली गेली तर आणखी अवघड, कारण रक्ताला थोड्याफार आडवाटा सापडतात, पित्ताला मात्र त्या एकाच नळीतून बाहेर पडायचं असतं. तो तुकडा जिवंत असेल तर पित्त बनवतच राहतो आणि ते पोटात गळतं. मुख्य नळीशी त्याचा संबंधच तुटल्यामुळे एंडोस्कोपीने स्टेंट टाकूनही फायदा होत नाही, आठवडेच्या आठवडे पोटात ड्रेनची नळी ठेवावी लागते किंवा पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. गळती आहे का हे ओळखायला तिसऱ्या दिवशी किंवा नंतर ड्रेनमधलं बिलिरुबिन तपासतात, ते रक्तातल्याच्या तिप्पट किंवा जास्त असेल तर पित्तगळती धरतात.

मग कायम सेगमेंटच का नाही? कारण सिरॉसिसचं लिव्हर गाठ काढल्यावरही आजारीच असतं, दुसऱ्या कोपऱ्यात नवी गाठ येऊ शकते आणि तेव्हा वाचवलेला प्रत्येक मिली कामाला येतो. सेगमेंट काढलेल्यांत त्याच जागेच्या आसपास पुन्हा गाठ येण्याचं प्रमाण कमी दिसलंय हे खरं, पण बहुतेक तुलनांमध्ये ज्यांचं लिव्हर मुळात बरं होतं त्यांचाच सेगमेंट काढलेला असायचा, त्यामुळे आयुष्य किती वाढतं यावर सर्जन लोकांत अजून वाद आहे.

या काकांसाठी मी सेगमेंट ८ काढा म्हणेन, लिव्हर ते सोसेल एवढं चांगलं आहे आणि गाठ खोल आहे. हेच काका प्लेटलेट ६० हजार, बिलिरुबिन २ असे आले असते तर मी सेगमेंटचा आग्रह धरला नसता, वेजसुद्धा दहा वेळा विचार करून, आणि आधी जाळून टाकायचा म्हणजे अॅब्लेशनचा किंवा ट्रान्सप्लांटचा विषय काढला असता.

आणि तुमच्या घरच्या पेशंटची गाठ मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधून लिव्हरमध्ये आलेली असेल तर वरचं जवळजवळ सगळं उलटं करा. ती गाठ सहसा सेगमेंटच्या चारीने तशी पसरत नाही, स्वच्छ कडा मिळाली, अगदी १ मिलीमीटरची, तरी बऱ्याचदा चालतं, आणि अशा गाठी एकापेक्षा जास्त असतात, पुन्हा येतात, पुन्हा काढाव्या लागतात. तिथे वेज हीच पहिली पसंती. म्हणून सर्जनना भेटाल तेव्हा आधी विचारा की गाठ लिव्हरचीच आहे की बाहेरून आलेली, मग विचारा की मागे किती टक्के लिव्हर उरणार आणि त्या उरलेल्या भागाचं रक्त आत येणं, बाहेर जाणं आणि पित्त, तिन्ही शाबूत राहणार का. सीटी स्क्रीनवर लावून ते दाखवा म्हणा, ५ मिनिटं लागतात.