अमेथिस्ट, सिट्रीन, टोपाझ: रोजच्या वापरात रंग टिकतो का?

गेल्या पावसाळ्याच्या आधी तीन वस्तू घेतल्या: चांदीत बसवलेली अमेथिस्टची कानातली, सिट्रीनची अंगठी आणि निळ्या टोपाझचं पेंडंट. तेव्हापासून तिन्ही जवळजवळ रोज अंगावर आहेत. घेताना मनात एकच शंका होती, ती म्हणजे अमेथिस्ट उन्हानं फिका पडतो हे कितपत खरं.

खरं आहे, पण जेवढं सांगतात तेवढं लगेच होत नाही. अमेथिस्ट म्हणजे क्वार्ट्झच. त्यात अगदी थोडं लोह असतं आणि जमिनीतल्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे त्या लोहाची अवस्था बदलते, म्हणून तो जांभळा दिसतो. ही अवस्था पक्की नसते. तीव्र प्रकाश फार काळ मिळाला की ती ढळते आणि रंग उतरतो. स्कूटरवर ऑफिसला जाण्या-येण्याएवढ्या उन्हानं काही झालेलं मला दिसलं नाही. हे मी खात्रीनं सांगू शकते, कारण एका कानातल्याचा मळसूत्राचा फिरका खराब झाला आणि ते बरेच महिने डबीत पडून होतं, तर दुसऱ्याचं मी पेंडंट करून वापरत होते. दोन्ही शेजारी पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीपाशी पाहिली. फरक नाही.

मात्र अशी तुलना करण्याआधी खडे धुवून घ्या. आधी वापरातला खडा धुरकट आणि फिकट वाटत होता. उलटा करून पाहिला तर मागच्या बाजूला साबण आणि सनस्क्रीनचा पांढुरका थर बसला होता. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, आणि रंग परत जागेवर. ‘खडा उतरला’ म्हणून दुकानात परत नेलेल्यांपैकी कितीतरी नुसते मळलेले असतील, अशी माझी दाट शंका आहे. शिवाय अमेथिस्टमध्ये रंग पट्ट्यापट्ट्यांनी असतो, त्यामुळे तिरका धरला की एखादी बाजू फिकी दिसतेच.

ऊन खरं नडतं ते न वापरलेल्या दागिन्याला. खिडकीच्या कट्ट्यावर, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा दुकानाच्या दर्शनी काचेत खडा तासन्‌तास, दिवसेंदिवस एकाच जागी तापत राहतो, आणि काच सगळी अतिनील किरणं अडवत नाही. म्हणून माझी डबी कपाटात असते. काढून ठेवलेला दागिना उघड्यावर नाही, एवढा एकच नियम मी पाळते.

उष्णतेचं गणित वेगळं. अमेथिस्ट साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवला की जांभळा जाऊन पिवळा-तपकिरी होतो, आणि बाजारातलं बहुतेक सिट्रीन असंच तयार होतं. म्हणजे माझी अंगठी बहुधा एके काळी अमेथिस्टच होती! यात फसवणूक नाही, फक्त बिलावर तसं लिहून घ्यावं. तापवल्यावर येणारा हा पिवळा लोहाच्या ऑक्साइडचा असतो, त्यामुळे तो उन्हात टिकतो. अंगठीच्या रंगात मला काहीच बदल जाणवला नाही.

चहाच्या वाफेनं किंवा गरम पाण्यानं खडा ४०० अंशांच्या आसपासही जात नाही. धोका सोनाराच्या दिव्याचा. अंगठी लहान करताना झाळ लावायला याहून बरीच जास्त उष्णता लागते. खडा कोंदणात तसाच राहिला तर रंग जाईल, नाहीतर तडकेल. मी पेंडंट करून घेताना आधीच विचारलं, “खडा काढून झाळणार ना?” सोनारकाका हसले, पण काढला. लेझरनं जोडकाम करणारे असतील तर प्रश्न सोपा होतो. तापलेला खडा गार पाण्यात बुडवणं मात्र तिघांनाही वाईट.

टोपाझचा निळा बहुतेक वेळा मानवनिर्मित असतो: रंगहीन टोपाझवर किरणोत्सार करून मग तो तापवतात. या तापवण्यातच कच्चा तपकिरी रंग जळून जातो आणि उरलेला निळा प्रकाशात स्थिर राहतो. घाबरायचं ते तपकिरी टोपाझला. अमेरिकेतल्या युटाच्या थॉमस रेंजमधले तपकिरी-सोनेरी स्फटिक उन्हात ठेवले की पांढरे पडतात. कोणी तपकिरी टोपाझ स्वस्तात देत असेल तर तो कुठला आणि रंग टिकतो का, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. इंद्रधनुषी झाक असलेला टोपाझ वरच्या लेपाचा असतो. तो घासून जातो, त्याला ब्रश लावू नका.

टोपाझची खरी अडचण रंगाची नाहीच. कठीणपणाच्या मोह्स मापावर तो ८ आणि धुळीत असणारं क्वार्ट्झ ७, त्यामुळे धुळीनं ओरखडत नाही. पण एका दिशेत सरळ फुटतो. म्हणून टोपाझ मी गळ्यात ठेवला आणि बोटात सिट्रीन. बेसिनवर हात आपटणाऱ्यांनी टोपाझची अंगठी घेऊ नये, आणि अल्ट्रासॉनिक किंवा वाफेच्या यंत्रात तर मुळीच धुवायला देऊ नये.