झेरॉक्स की आलेख कागद? मोजमाप वाचायच्या सरावासाठी काय निवडाल

विदर्भात शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. पोळा-दिवाळी धरून हातात तास कमीच उरतात. सहावी ते नववीला विज्ञान शिकवणाऱ्याकडे कधी एकच काचेचा मेजरिंग सिलिंडर असतो, कधी तोही टवका उडालेला. मग वाचनाचा सराव चित्रावरच करून घ्यावा लागतो. त्यासाठी दोन रस्ते आहेत. एक म्हणजे इंटरनेटवरची तयार वर्कशीट उतरवून तालुक्याच्या गावाहून झेरॉक्स आणायची. दुसरा म्हणजे आलेख कागदावर चित्र स्वतः काढायचं, किंवा पोरांकडून काढून घ्यायचं. दोन्ही चालतात, पण सिलिंडर, तापमापी आणि ॲमीटर या तिन्ही उपकरणांना सारखे चालत नाहीत.

सुरुवात सिलिंडरपासून करू, कारण खरा घोळ तिथंच आहे.

समजा झेरॉक्सच्या पानावर १०० मिलीचा सिलिंडर आहे. आकडे २०, ४०, ६०, ८० असे दिलेत आणि दोन आकड्यांमध्ये दहा भाग आहेत. म्हणजे एका भागाची किंमत २ मिली, हेच त्या चित्राचं लघुतम माप. पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा, म्हणजे मेनिस्कसचा, सगळ्यात खालचा बिंदू ४० च्या वरच्या सहाव्या रेघेवर आहे. चाळीस अधिक सहा दुणे बारा, वाचन ५२ मिली. पानाच्या मागं छापलेल्या उत्तरात मात्र ५४ लिहिलंय. आता खरं कोण?

इथं रेघा पुन्हा मोजत बसू नका. रेघा मोजण्यातच चूक असेल तर ती दुसऱ्यांदाही तशीच होते. साधी पट्टी घ्या. ४० च्या रेघेपासून ६० च्या रेघेपर्यंतचं अंतर मोजा. समजा ते २५ मिलीमीटर आलं. मग ४० पासून मेनिस्कसच्या तळापर्यंत मोजा, ते आलं १५ मिलीमीटर. पंचवीसात वीस मिली, तर पंधरात बारा. वाचन ५२. आता काचेला चिकटून वर चढलेला काठ मोजा. तो साडेसतरा मिलीमीटरवर आहे, म्हणजे १४ मिली, एकूण ५४. उत्तर लिहिणाऱ्यानं तळ सोडून काठ वाचला, असा संशय घ्यायला आता जागा आहे.

पण फक्त संशय. कारण दुसऱ्याही एका चुकीनं नेमका हाच आकडा येतो. बरीच पोरं ४० ची रेघ ‘एक’ म्हणून मोजायला सुरुवात करतात. सहावी रेघ मग सातवी होते आणि उत्तर ५४ येतं. या चित्रात मेनिस्कसचा काठ तळापासून बरोबर एक भाग वर असल्यानं दोन वेगळ्या चुकांचं उत्तर एकच झालं. वहीत ५४ दिसलं, तर पोराला मेनिस्कस समजला नाही की मोजणी कुठून सुरू करायची ते समजलं नाही, हे कळायला मार्ग नाही.

आलेख कागद इथं बाजी मारतो, कारण चुका वेगळ्या पडतील असं चित्र मांडणं आपल्या हातात असतं. दर दोन मिलीमीटरवर एक रेघ मारा. दहा भागांना दोन सेंटिमीटर लागतात, तेवढ्यात वीस मिली बसतात. मेनिस्कसचा तळ सहाव्या रेघेवर ठेवा आणि काठ दीड भाग, म्हणजे तीन मिलीमीटर, वर न्या. आता तळ वाचणाऱ्याचं उत्तर ५२, काठ वाचणाऱ्याचं ५५, ४० ची रेघ ‘एक’ धरणाऱ्याचं ५४, आणि प्रत्येक भाग एक मिलीचा समजणाऱ्याचं ४६. वह्या तपासताना आकडा पाहिला की कुणाला काय सांगायचं ते लगेच कळतं. चित्र जमवायला लागलेला वेळ तपासताना भरून निघतो.

झेरॉक्सची आणखी एक खोड आहे. मोबाइलवरून काढलेली प्रिंट, तिची झेरॉक्स, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स असं होत गेलं की बारीक रेघा उडतात. आकड्यांजवळच्या जाड रेघा टिकतात, मधली एखादी गायब होते. याला सोपा ताळा आहे. खालच्या आकड्यापासून वर मोजा आणि वरच्या आकड्यापासून खाली मोजा. आपल्या चित्रात खालून ६ आणि वरून ४, बेरीज १०. बेरीज ९ आली तर वीसला नवानं भागावं लागतं, आणि असलं माप कुठल्याही सिलिंडरवर छापत नाहीत. म्हणजे रेघ उडाली. पट्टीचा ताळा अशा पानावरही चालतो, कारण तो मधल्या रेघांवर टेकलेलाच नाही, त्याला दोन आकडे पुरतात. फक्त मोजायचं ते दोन आकड्यांच्या मधूनच. सिलिंडरच्या बुडापासून मोजाल तर फसाल, कारण सिलिंडरवरच्या खुणा बरेचदा बुडाच्या बऱ्याच वरून सुरू होतात.

काही गोष्टी मात्र दोन्ही कागद शिकवू शकत नाहीत. नजरेची पातळी ही त्यातली पहिली. वरून पाहिलं तर वाचन जास्त येतं आणि खालून पाहिलं तर कमी, हे चित्रात दिसत नाही, कारण कागद सपाट आहे. दुसरी गोष्ट प्लॅस्टिकच्या सिलिंडरची. पडला तर फुटत नाही म्हणून शाळेत तोच घेतला जातो, पण पाणी त्याला काचेसारखं चिकटत नाही आणि पृष्ठभाग जवळजवळ सपाट दिसतो. काच आणि प्लॅस्टिक शेजारी ठेवून पाणी भरलं की पोरं विचारतात, “सर, याच्यात त काठावर चढलंच नाही, मंग कोनतं धरावं?” जे सपाट दिसतंय तेच धरायचं. चित्रात खोल वाटी पाहायची सवय झालेलं पोर इथं नसलेली वाटी शोधत बसतं. म्हणून एक चित्र मुद्दाम सपाट पृष्ठभागाचं काढा. दूध किंवा गडद पोटॅशियम परमँगनेट असेल तर तळ दिसतच नाही, तेव्हा वरची कड वाचतात. सरावाच्या पानात हे एखादंच ठेवा, नाहीतर मूळ नियमच डळमळतो.

उत्तर किती बारीक मागायचं, हेही आधी ठरवून ठेवा. २ मिलीच्या भागात तळ दोन रेघांच्या मधोमध असेल तर ५३ लिहिणं रास्त आहे, ५२.७ लिहिणं नाही. मी अर्धा भाग इकडे-तिकडे चालवून घेतो. झेरॉक्सवर रेघच इतकी जाड होते की त्याहून कडक राहण्यात अर्थ नसतो.

तापमापीला दोन्ही कागद जवळपास सारखेच चालतात. खुणांची पट्टी सरळ असल्यानं वरचे दोन्ही ताळे तसेच लागू होतात. प्रयोगशाळेतली नेहमीची तापमापी उणे १० ते ११० अंश सेल्सिअसची, एका भागाला १ अंश. पाऱ्याचा पृष्ठभाग पाण्याच्या उलटा, मधे फुगलेला असतो आणि वाचायचा तो फुगवट्याचा माथा. खऱ्या नळीत तो इतका बारीक असतो की त्यावर तास घालवायला नको. तास घालवायचा तर शून्याखालच्या वाचनावर घालवा. द्रवाचं टोक उणे १० च्या वर सहा रेघांवर आहे असं चित्र द्या. चंद्रपूरकडच्या उन्हात वाढलेल्या पोरांना उणे तापमान फक्त पुस्तकात भेटतं, त्यामुळे कुणी उणे १६ लिहितं, कुणी उणे ६. बरोबर उत्तर उणे ४. शून्यापासून खाली मोजलं की चार रेघा येतात, आणि सहा अधिक चार दहा हा ताळाही जुळतो. तयार वर्कशीटमध्ये असं चित्र सापडलं तर ती घ्या. नसलं तर हातानं काढायला फार वेळ लागत नाही.

ॲमीटरला मात्र मी छापील पानच घेईन. आलेख कागदावर कंस काढून त्यावर तीस समान भाग पाडणं हे कंपास आणि कोनमापक घेऊनही वैतागाचं काम आहे, आणि पोरांच्या हातून भाग लहान-मोठे झाले की वाचनाचा सरावच वाया जातो. शिवाय तयार पानांवर दुहेरी पट्टीचे ॲमीटर मिळतात. वर ० ते ३ ॲम्पिअर, खाली ० ते ०.६ ॲम्पिअर, रेघा त्याच. काटा तीसपैकी एकोणिसाव्या भागावर असेल तर वरच्या पट्टीवर १.९ आणि खालच्या पट्टीवर ०.३८ ॲम्पिअर. वायर कुठल्या टर्मिनलला जोडली आहे ते चित्रात पाहून पट्टी ठरवायची. ताळा सोपा आहे. दोन्ही वाचनं काढा, मोठं वाचन लहानाच्या बरोबर पाचपट यायला हवं. कुणी ०.२९ लिहिलं असेल तर त्यानं खालच्या पट्टीवरच्या ०.२ ला १.९ मधला ९ चिकटवलाय हे त्यातूनच कळतं.

इथं ताळ्यासाठी मोजपट्टीऐवजी कोनमापक लागतो. शून्याची रेघ आणि ३ ची रेघ मागं वाढवली की जिथं मिळतात तो मध्यबिंदू. दोघींमधला कोन ९० अंश असेल तर एका ॲम्पिअरला ३० अंश पडतात. काटा ५७ अंशांवर असेल तर १.९ ॲम्पिअर. मात्र कुणी ते चित्र कागदावर बसवण्यासाठी आडवं ताणलं असेल तर कोन बिघडतात आणि हा ताळा खोटा पडतो. सिलिंडरचं चित्र असं ताणलं तरी काही बिघडत नाही, कारण एकाच सरळ रेषेवरची अंतरं एकाच प्रमाणात वाढतात. तबकडी अंडाकृती दिसली तर कोनमापक बाजूला ठेवा आणि रेघाच मोजा. ज्या मीटरच्या तबकडीवर सुरुवातीच्या रेघा दाटीनं आणि पुढच्या विरळ असतात, तिथंही कोनमापक चालत नाही. तशी तबकडी पानावर आली तर काट्याच्या दोन्ही बाजूंचे आकडे पाहून फक्त त्यांच्यामधले भाग मोजायचे.

झेरॉक्सला पैसे कमी असतील तर वर्गाला ॲमीटरचं एकच पान द्या, तेही मूळ प्रिंटवरून काढलेलं, झेरॉक्सची झेरॉक्स नको. सिलिंडर आणि तापमापी पोरांना आलेख कागदावर काढू द्या. मग कागद शेजाऱ्याला देऊन वाचायला सांगा, आणि ज्यानं काढलं त्यानंच पट्टी लावून तपासावं.